टाचेवरचा बिब्बा

(दृश्य: थंडीतली रात्र. गव्हाच्या शेतात बॅटरीचा उजेड, पाण्याची दारं मोडणारा अनवाणी शेतकरी.)

खान्देशात थंडी पडली की गव्हाला पाणी भरायला अनेकदा रात्रीच्याच लाईटीची वाट पाहावी लागते. चिखलात पाय तासन्‌तास भिजतात, मग कोरड्या गार वाऱ्यात सुकतात. टाचेची कातडी आधीच जाड असते. ती अशी भिजून वाळली की कडक होते, ताणली जात नाही, आणि अंगाचा भार पडला की कडेला चिरते. चीर खालच्या जिवंत कातडीपर्यंत गेली की पाय टेकवत नाही. मग घरातलं जाणतं माणूस म्हणतं, "टाच फुटनी का? बिब्बा लाव ना."

(दृश्य: सातपुड्याच्या पायथ्याचा आठवडे बाजार. पाटीत काळे बिब्बे, शेजारी वाळलेली बिब्ब्याची फुलं.)

बिब्ब्याचं झाड सातपुड्याच्या रानात आपोआप येतं. ते आंबा आणि काजूच्या कुळातलं. पिकलेल्या फळाचा वरचा नारिंगी, गरदार भाग म्हणजे बिब्ब्याचं फूल. ते वाळवून खातात. त्याला चिकटलेलं काळं, चपटं बी म्हणजे बिब्बा. आत गोडंबी असते, तीही खातात. औषध म्हणून जे वापरतात, ते मात्र या दोन्हींच्या मधलं, कवचाच्या पोकळ्यांत साठलेलं तेल. ताजं असताना ते तपकिरी दिसतं आणि हवा लागली की काळं पडतं.

(दृश्य: चुलीजवळ पाटावर बसलेली बाई, हातात दाभण, समोर दिवा.)

लावण्याची रीत अशी. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवायचे, वज्रीने मेलेली कातडी घासून काढायची आणि पाय पूर्ण कोरडा करायचा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खोबरेल किंवा तिळाचं तेल लावायचं, म्हणजे बिब्बा ओघळला तरी चांगल्या कातडीत लगेच शिरत नाही. बिब्बा जड आणि टपोरा निवडायचा. हलका, सुरकुतलेला असेल तर त्यात तेल राहिलेलं नसतं. तो दाभणात टोचून दिव्यावर धरला की चरचरतो आणि टोकाशी तेल फुटतं. जाणती बाई तो लगेच टेकवत नाही. चरचर थांबू देते, मग नुसतं टोक भेगेत टेकवते. एका भेगेला एक ठिपका, तोही घोट्याच्या फार खाली.

लावल्यावर भेगेची कड काळी पडते, टणक होते, आणि काही दिवसांनी ती कातडी सुटून येते. अनेकांना दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं. हा अनुभव खोटा म्हणायचं कारण नाही. पण तो कशामुळे आला, हे सांगताना जपून बोलावं लागतं. त्याच दिवशी पाय भिजवलेले असतात, मेलेली कातडी घासलेली असते, तेल लावलेलं असतं, आणि टाच दुखते म्हणून माणूस दोन दिवस चिखलात उतरलेला नसतो. भेगा यानेही भरतात. बिब्ब्याचा वाटा किती, हे वेगळं काढायचं तर एका टाचेला सगळं करून बिब्बा लावायचा आणि दुसरीला तेच सगळं करून बिब्बा मात्र लावायचा नाही, अशी पुष्कळ माणसांत तुलना व्हावी लागेल. बिब्ब्यातल्या घटकांवर प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर अभ्यास झालेले आहेत, काहींत सूज कमी झाल्याचं दिसलं आहे. उंदराच्या पायाची सूज उतरली म्हणजे माणसाची टाच भरून येईल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

(दृश्य: टाचेचा आणि घोट्याचा जवळून फोटो, शेजारी शेजारी.)

तेलाच्या त्रासाबद्दल मात्र शंका नाही. त्यातल्या घटकांमुळे अंगाला ॲलर्जी येते: खाज, लाली, पाणी भरलेले फोड. गावात म्हणतात, बिब्बा उतला. टाचेवर तो क्वचित उततो, कारण तिथली मेलेली कातडी जाड असते आणि तेल खाली पोचत नाही. तेच तेल घोट्यावर, मांडीवर, पापणीवर गेलं की उततं. बिब्बा टाचेलाच लावायचा, हा घरोघरचा दंडक नेमका इथे जुळतो.

इथे एक फसगत होते. पहिल्यांदा लावलं, काही झालं नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण शरीर या तेलाची ओळख धरून ठेवतं आणि पुढच्या खेपेला थेंबभर तेलावरही भडकू शकतं. शिवाय फोड लगेच येत नाहीत, एक ते तीन दिवसांनी येतात. तोवर बिब्बा लावल्याचं विसरून माणूस कालच्या जेवणाला दोष देत बसतो.

समजा सोमवारी रात्री टाचेला बिब्बा लावला. त्याच क्षणी आग झाली आणि तिथेच फोड आला, तर तो गरम तेलाचा चटका; भाजल्यावर करतो तसं गार पाणी धरायचं. पण बुधवारी घोट्यावर ओघळाच्या रेषेत खाज सुटली आणि बोटांवर, डोळ्याभोवतीही सूज आली, तर तो उतलेला बिब्बा. फोडातल्या पाण्याने तो पसरत नाही. तो पसरला हाताला लागून राहिलेल्या तेलाने. म्हणून लावणाऱ्याने हात लगेच साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचे, नखांखालीही. दाभण आणि पुसायचं फडकंही धुवायचं, कारण वाळलेलं तेलसुद्धा काम करतं. धोबी पूर्वी कपड्यांवर खुणा करायला हेच तेल वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या सैनिकांना अंगावरच्या कपड्यांतल्या अशा खुणांच्या जागी पुरळ उठलं, आणि 1943 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्याबद्दल लिहिलं.

(दृश्य: दुधाचा पेला. दाराला टांगलेली लिंबू-मिरची-बिब्ब्याची माळ.)

दुधात बिब्ब्याचं तेल पाडून पिण्याची रीतही आहे. ती घरी करू नये. आयुर्वेदात बिब्ब्याला, म्हणजे भल्लातकाला, मोठा मान आहे, पण तिथेही तो विटेच्या भुकटीत घोळून, शोधन करूनच वापरतात. औषधांच्या कायद्याखालच्या नियमांत तो आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीशिवाय घ्यायचा नाही. बिब्ब्यामुळे मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

दाराला टांगलेल्या माळेतल्या बिब्ब्याने कुणाचं काही बिघडत नाही. नजरेसाठी तोच बाळाच्या मनगटात बांधला, तर मात्र बाळ तो तोंडात घालतं आणि तेल ओठाला लागतं. श्रद्धा असेल तर पाळण्यापासून लांब, दारालाच टांगावा.

साखरेचा आजार असलेल्याने, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असलेल्याने टाचेवर बिब्बा लावूच नये. चटका बसला तरी त्याला कळत नाही, आणि ती जखम चिघळते. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तरी तेच. अशांनी रोज रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून, व्हॅसलीन किंवा युरियाचं मलम लावून सुती मोजे घालावेत. पाणी कोमटच आहे ना, हे घरातल्या दुसऱ्याच्या हाताने बघून घ्यावं.

बिब्बा उतून चेहरा सुजला, फोड अंगभर गेले, लघवी कमी किंवा काळसर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे "काहीतरी लावलं होतं" असं मोघम सांगू नका. बिब्बा लावला की प्यायला, आणि कधी, हे सांगा. फोड बघून डॉक्टरांना ते भाजल्याचे वाटू शकतात, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.