लांबलेल्या ईमेल-चर्चेत उत्तर कुठे लिहावे?

मित्रहो, ईमेलला उत्तर देताना आपण मूळ मजकुराच्या वर लिहितो, खाली लिहितो किंवा ज्या वाक्याला उत्तर द्यायचे त्याच्या लगेच खाली, म्हणजे मूळ मजकुराच्या अधेमधे लिहितो. एक-दोन पत्रांत विषय संपणार असेल, तर यातले काहीही चालते. अडचण येते ती मुद्दे अनेक असले आणि चर्चा लांबली म्हणजे.

समजा, एका पत्रात तीन प्रश्न आहेत: बैठक गुरुवारी घ्यावी का, मसुद्यातले चौथे कलम काढावे का, आणि अहवाल कोणी लिहावा. त्यावर ‘हो, चालेल, पण ते आत्ता नको’ एवढेच उत्तर वर लिहून आले, तर होकार बैठकीला आहे की कलमाला, हे वाचणाऱ्याने ताडायचे, आणि अहवालाचा प्रश्न राहून गेला हे तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तेच उत्तर मधे मधे लिहिले, तर असे दिसते:

```
> बैठक गुरुवारी घ्यावी का?
हो, चालेल.

> चौथे कलम काढावे का?
आत्ता नको; आधी पाचव्याशी ताडून पाहू.

> अहवाल कोणी लिहावा?
सोमवारी कळवतो.
```

लांब चर्चेसाठी हीच पद्धत सर्वांत सोयीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अनावश्यक मजकूर छाटला तरच. 1995 च्या RFC 1855 या शिष्टाचारविषयक मार्गदर्शिकेतही, संदर्भ कळेल एवढाच मूळ मजकूर ठेवावा किंवा सुरुवातीला त्याचा सारांश द्यावा, असे सुचवले आहे. छाटताना अनुत्तरित प्रश्न मात्र काढू नये, नाहीतर तो पुढच्या पत्रांतून कायमचा गळतो. न छाटता सगळ्याच्या तळाशी उत्तर लिहिणे मला सर्वांत गैरसोयीचे वाटते, कारण दर वेळी जुनी पाने ओलांडल्याशिवाय नवी ओळ सापडत नाही.

मधे मधे लिहिण्यातही एक धोका आहे. साध्या मजकुरात ओळीच्या सुरुवातीला जितकी > चिन्हे, तितका तो मजकूर जुना, हे लगेच कळते. पण अनेकजण चिन्हांऐवजी ‘माझी उत्तरे लाल अक्षरांत’ असे लिहितात. तिसरा माणूस निळा रंग घेतो, आणि एखाद्याच्या प्रोग्रॅमने पत्र साध्या मजकुरात दाखवले की रंग जातात व कोणते वाक्य कोणाचे हे कळेनासे होते. अशा वेळी प्रत्येक उत्तराआधी नाव लिहावे.

वर लिहिण्याचा खरा उपयोग चर्चेत नवा माणूस आणताना होतो, कारण मागचा पत्रव्यवहार त्याच्या हाती एकत्र पडतो, जरी तो त्याला तळापासून वर वाचावा लागला तरी. पण एकाच पत्राला दोघांनी वेगवेगळी उत्तरे दिली असतील, तर पुढे पाठवलेल्या पत्राखाली त्यांपैकी एकच शाखा असते. म्हणून पाठवण्याआधी दुसऱ्या शाखेत काय ठरले, ते दोन ओळींत वर लिहावे.