पंपावरची ठिणगी

(दृश्य: गेवराईकडून बीडकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना फुलोऱ्यातली तूर. पेट्रोल पंप. मशीनवर मोबाइलवर काट मारलेलं चित्र आणि त्याच मशीनवर पैसे भरण्यासाठी चिकटवलेला क्यूआर कोड.)

हे दृश्य मराठवाड्यात कुठल्याही पंपावर दिसेल. वर लिहिलंय मोबाइल वापरू नका आणि खाली म्हणतात स्कॅन करा. मग खरं काय?

आधी पेट्रोलची वाफ समजून घेऊ. टाकीचं झाकण उघडलं की तोंडातून वाफ बाहेर येते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून वर न जाता टाकीच्या अंगावरून खाली उतरते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मध्ये असेल तरच ती पेटते. टाकीच्या आत ती यापेक्षा खूप दाट असते, त्यामुळे आत सहसा भडका होत नाही. धोका असतो तो तोंडाशी, जिथे वाफ आणि हवा एकमेकांत मिसळतात.

तिथे पेट घ्यायला ठिणगी किती मोठी लागते? जेमतेम पाव मिलिज्यूल.

(दृश्य: गाडीच्या सीटवरून घसरत उतरणारा माणूस. जवळून: बोट आणि दाराचा पत्रा.)

दिवाळी सरली की इकडची हवा कोरडी पडते. रात्री स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ही स्थिर वीज. दमट हवेत ती हळूहळू निघून जाते, कोरड्या हवेत अंगावर साचून राहते. सिंथेटिक कापड सीटवर घासलं की माणसाच्या अंगावर आठ हजार व्होल्ट सहज चढू शकतात. आकडा मोठा वाटतो, पण विजेचा साठा तसा थोडाच असतो, म्हणून जीवाला काही होत नाही. तरी हिशेब केला तर त्या एका ठिणगीत पाच मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा निघते. लागते त्याच्या वीसपट!

आता मोबाइल. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पंपांवरच्या आगींच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या. स्थिर विजेच्या आगी त्यात भरपूर सापडल्या. मोबाइलमुळेच लागली असं सिद्ध झालेली एकही नाही. तिकडे लोक स्वतः पेट्रोल भरतात. नोझल अडकवून गाडीत जाऊन बसायचं, परत उतरायचं आणि थेट नोझलला हात लावायचा, अशी बरीच प्रकरणं त्यात आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये हातात फोन दिसतो, म्हणून दोष फोनला मिळतो. त्याआधी तो माणूस सीटवरून उतरला होता, हे कोणी बघत नाही.

मग ती पाटी खोटी का? तसंही नाही. आपला साधा फोन पेट्रोलच्या वाफेत वापरायला सुरक्षित म्हणून तपासलेला नसतो. खराब झालेली बॅटरी पेटू शकते. शिवाय बोलण्याच्या नादात टाकी ओसंडून वाहते, ते वेगळंच. पैसे स्कॅन करायचे तर झाकण लावून, मशीनपासून बाजूला होऊन करावेत. माझ्या मते क्यूआर कोडची जागाच बदलायला हवी.

(दृश्य: पिकअपच्या हौद्यात रबरी मॅट, तिच्यावर पत्र्याचा डबा.)

आपल्याकडे पेट्रोल पंपावरचा पोरगा भरतो, म्हणून सीटवरून उतरून नोझल धरण्याची पाळी कमी येते. इथला धोका डब्याचा. तुरीवर अळी पडली, फवारणी पंपाला पेट्रोल हवं. डबा हौद्यातच ठेवून शेतकरी म्हणतो, "दादा, इथंच भर, उतरवत नाही."

पेट्रोल पाइप आणि फिल्टरमधून वाहतानाच थोडी वीज सोबत आणतं. डबा जमिनीवर असता तर ती जमिनीत उतरली असती. रबरी मॅटवर तिला वाट नाही. पत्र्यावर ती साचत जाते, आणि नोझल तोंडापासून जरा उचललं की सगळी एकदम उडी मारते. तीही नेमकी तोंडाशी, वाफेत.

"नाही काका, खाली ठेवा आधी," पोरगा म्हणतो. डबा काँक्रीटवर येतो. तो नोझल पत्र्याला टेकवतो, "झिरो बघा" म्हणतो आणि भरून होईपर्यंत टेकवूनच ठेवतो, धार बारीक. प्लास्टिकचा कॅन असता तर जमिनीवर ठेवूनही त्यातली वीज नीट उतरली नसती, म्हणून मान्यताप्राप्त धातूचा डबाच बरा.

आणि तरीही तोंडाशी ज्वाळा उठलीच तर? पहिली ऊर्मी असते नोझल ओढून काढायची. तिथेच घात होतो. जळतं पेट्रोल अंगावर आणि जमिनीवर सांडतं. ट्रिगर सोडा, नोझल आहे तिथेच राहू द्या, मागे सरा आणि ओरडा. इमर्जन्सी बटण दाबलं की मशीन बंद होतं. मग कोरड्या पावडरचं सिलिंडर आणायचं. पाणी टाकायचं नाही, पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं.