खोका विकला, पण माल कुठून वजा झाला?

मंडळी, इतवारीतल्या एका दुकानाचं उदाहरण धरू. दिवाळीसाठी भेटीचा खोका काढलाय: संत्रा बर्फीची पाव किलोची २ पाकिटं, चिवड्याचं १ आणि १ रिकामा खोका. ही यादी कॉम्प्युटरवर असते, आणि खोक्याचं बिल झालं की त्यातली प्रत्येक वस्तू आपोआप वजा होते. रिकामा खोकाही यादीत हवाच. तो लिहायचा राहिला की बर्फी भरपूर असते आणि भरायला खोका नसतो.

दुकानात बर्फी ९०, चिवडा ६०, रिकामे खोके ५०. भेटीचे खोके किती निघतील? बर्फीतून ४५, चिवड्यातून ६०, खोक्यांतून ५०. सगळ्यांत लहान आकडा खरा, म्हणजे ४५. हा आकडा हातानं भरून ठेवू नका, तो दर बिलाला नव्यानं निघाला पाहिजे. १० खोके विकले की बर्फी ७०, चिवडा ५०, रिकामे खोके ४०, आणि आता निघतील ३५. मग काउंटरवर बर्फीची ११ पाकिटं सुटी गेली. उरली ५९. त्यातून २९ खोके होतात, एक पाकीट शिल्लक. एकही खोका न विकता ६ खोके कमी झाले! ऑनलाइन यादीत कुणी ३५ तसाच ठेवला असेल, तर ऑर्डर येईल आणि माल नसेल.

खरा घोळ पुढे आहे. गर्दीच्या आदल्या रात्री पोरं २० खोके भरून ठेवतात, नोंद कुणी करत नाही. सकाळी मोजणीला आलेला माणूस फळीवरची सुटी बर्फी मोजतो, १९. कॉम्प्युटरवर ५९ असतात. तो ‘दुरुस्ती’ करून १९ लिहितो, चिवडा ३०, रिकामे खोके २०. आता भरलेला खोका विकला की त्यातली बर्फी पुन्हा वजा होते. ९ खोके गेले की बर्फी उरते १, आणि दहावं बिल अडतं. समोर भरलेले ११ खोके रचलेले, तरी अडतं.

ओळखायचं कसं? भरलेल्या खोक्यांतला मालही धरून मोजा आणि कॉम्प्युटरशी ताडून पाहा. बर्फी ४०, चिवडा २०, खोके २० जास्त निघतात. चोरी किंवा मोजणीतली चूक अशी २:१:१ या बेतात क्वचितच येते. फरक खोक्याच्या यादीच्याच प्रमाणात आला, की समजा माल दोनदा वजा झालाय.

आगाऊ भरायचेच असतील तर भरलेला खोका हा वेगळा माल धरा. भरताना नोंद करा: बर्फी वजा ४०, चिवडा वजा २०, रिकामे खोके वजा २०, भरलेले खोके अधिक २०. मग बिलावर फक्त भरलेला खोका वजा होऊ द्या, आतल्या वस्तूंची वजावट त्या मालासाठी बंद करा. सुटी बर्फी संपली आणि एक खोका फोडावा लागला, तर उलटी नोंद: भरलेला खोका वजा १, बर्फी अधिक २, चिवडा अधिक १. रिकामा खोका मात्र धड निघाला तरच परत जमा करा.