तेरा पूर्णांक पाच

मित्रहो, पत्रिकेत विषय ‘ड्रॉइंगवर एकक कुठे लिहावं’ असा छापलाय. तिथे येतोच, पण आधी एक गोष्ट. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी ती सांगतो.

नदीकाठची एक दगडी संरक्षक भिंत पुरात वाहून गेली. तशीच नवी बांधायची होती. जुनं ड्रॉइंग कापडी ट्रेसिंगवर, १९५४ सालचं. ऑफिसात कुणीतरी ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं आणि अंदाजपत्रक करायला नुकतीच लागलेली एक मुलगी बसवली. माथ्याची रुंदी २, तळाची ६, उंची १३.५, लांबी ६०. कोपऱ्यातल्या चौकटीत स्पष्ट लिहिलेलं : सर्व मापे मीटरमध्ये. तिनं सरासरी रुंदी ४ धरली, गुणाकार केला. ३,२४० घनमीटर दगडकाम.

आता मुकादमाला दगड ब्रासमध्येच सांगावा लागतो. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. तिनं हिशेब करून फोनवर सांगितलं, साधारण अकराशे चाळीस ब्रास. पलीकडून मुकादम म्हणाले, “मॅडम, भिंत बांधायची का किल्ला?”

सभागृहात हसू आलं, पण त्या मुलीला आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि ड्रॉइंग पुन्हा समोर घेतलं. तिला खटकली ती उंची. उंचीचे दोन तुकडे दाखवले होते, वरचा ७.११ आणि पायाचा ५.६. बेरीज १२.७१ यायला हवी. ड्रॉइंगवर एकूण लिहिलंय १३.५.

बेरीज चुकली असं म्हणून ती पुढे जाऊ शकली असती. अनेक जण जातात. तिनं कागदावर वेगळी बेरीज मांडली : ७ फूट ११ इंच आणि ५ फूट ६ इंच. इंचांची बेरीज १७, म्हणजे एक फूट पाच इंच. एकूण १३ फूट ५ इंच. तंतोतंत जुळलं. मग तिनं बाकीची मापं पाहिली. दशांशचिन्हापुढे ११ च्या वर एकही आकडा नव्हता. दशांश पद्धतीत तो कुठे ना कुठे आला असता. इंचांत बारा झाले की फूट वाढतो.

नव्यानं गुणाकार केला तेव्हा सुमारे ३,२२० घनफूट आले. बत्तीस ब्रास, म्हणजे ९१ घनमीटर. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. ही चूक लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींत गुणली जाते, म्हणून दगड पस्तीसपट झाला. दुसऱ्या दिवशी ती जागेवर गेली. वाहून गेलेल्या भिंतीचा पायाजवळचा एक तुकडा चिखलात उरला होता. टेप लावला : १.८३ मीटर. टेप उलटून दुसऱ्या बाजूनं वाचला : सहा फूट.

चूक शिरली कशी, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. फुटाची एक खूण आणि इंचाच्या दोन खुणा ट्रेसिंगवर फिकट झाल्या होत्या. उतरवणाऱ्यानं मधल्या रेघेच्या जागी टिंब दिलं. आणि चौकटीतली ‘मीटर’ची ओळ कुणी लिहिलीच नव्हती, ती ऑफिसच्या कोऱ्या साच्यात आधीपासून छापलेली होती! ही माझी खरी तक्रार आहे. त्या एका ओळीला कुणीही तपासत नाही, कारण ती कुणाचीच नसते. आकारही मदत करत नाही. २ वर ६ हे प्रमाण फुटांतही तसंच दिसतं आणि मीटरमध्येही. मेट्रिकचा कायदा १९५६ साली झाला, पण आपण आजही फ्लॅट चौरस फुटांत घेतो आणि सुतार सुतात बोलतो, इंचाच्या आठव्या भागात. जुनं आणि नवं माप एकाच टेबलावर असणार.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. तेव्हा विषय भरभर सांगतो. बेरजेची परीक्षा नेहमी पकडेलच असं नाही : इंचांची बेरीज नऊपर्यंत असली तर ५.२ आणि ३.४ मिळून ८.६ च येतात, दोन्ही पद्धतींत. आणि ८ फूट १० इंच ८.१० असं टाइप केलं, की स्प्रेडशीट शेवटचं शून्य खाऊन ८.१ करतं. ऑटोकॅडच्या फाइलमध्ये `INSUNITS` हे एककाचं सेटिंग पाहा, 2 म्हणजे फूट, 6 म्हणजे मीटर. पण तेही साच्यातूनच आलेलं असू शकतं. म्हणून एकक चौकटीत नको, प्रत्येक मुख्य मापाला चिकटून लिहा. जुन्या ड्रॉइंगवरून काम असेल, तर जागेवर उरलेलं एक तरी माप टेपनं घ्या आणि तारीख घालून त्याच कागदावर नोंदवा. त्या मुलीनं पायाचं माप तसंच नोंदवलं होतं, दोन्ही एककांत.