एकच जॉब, तीन दर: ओव्हरहेड नेमका किती लागतो?

आज फळ्यावर एकच जॉब घेऊ आणि त्याच्यावर ओव्हरहेड तीन पद्धतींनी लावून पाहू. जॉब तोच, कारखाना तोच, वर्षाचं बजेटही तेच. दर कशावर काढायचा, एवढंच बदलेल.

आधी बजेट लिहून घ्या. वर्षाचा कारखान्याचा ओव्हरहेड 24 लाख रुपये. प्रत्यक्ष माल 60 लाख आणि प्रत्यक्ष मजुरी 20 लाख, म्हणजे प्राइम कॉस्ट 80 लाख. प्रत्यक्ष मजुरांचे तास 20,000, यंत्रांचे तास 16,000. यातून तीन दर निघतात. 24 लाखांना 20,000 ने भागलं की मजूर-तासाला 120 रुपये. 16,000 ने भागलं की यंत्र-तासाला 150 रुपये. आणि प्राइम कॉस्टवर काढला तर 30 टक्के.

आता जॉब. माल 18,000 रुपयांचा. एक ऑपरेटर दोन सीएनसी यंत्रं 30 तास सांभाळतो आणि त्यानंतर 10 तास हाताचं काम आहे: बर काढणं, फिटिंग, तपासणी. म्हणजे मजूर-तास 40, पण यंत्र-तास 60. मजुरी तासाला 100 रुपयांप्रमाणे 4,000. प्राइम कॉस्ट 22,000.

मजूर-तास दराने ओव्हरहेड येतो 4,800. यंत्र-तास दराने 9,000. प्राइम कॉस्टच्या टक्केवारीने 6,600. कारखाना-खर्च अनुक्रमे 26,800, 31,000 आणि 28,600. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात 4,200 रुपयांचा फरक आहे, आणि तिन्हींत बेरीज-वजाबाकीची एकही चूक नाही.

इथे बरेच जण विचारतात, मग कारखान्याचे पैसे वाढले की कमी झाले? दोन्ही नाही. काम बजेटप्रमाणे झालं तर वर्षभराच्या सगळ्या जॉबवर मिळून तिन्ही पद्धती 24 लाखच वसूल करतात. या जॉबवर कमी लागलेला ओव्हरहेड दुसऱ्या कुठल्या तरी जॉबच्या माथी बसतो. तो कुठे बसतो हे पाहायला उलट्या प्रकृतीचा एक जॉब घेऊ. त्याला जुळणी म्हणू: माल 10,000, मजूर-तास 60, यंत्र-तास फक्त 10, मजुरी 6,000. मजूर-तास दराने याच्यावर 7,200 येतात, यंत्र-तास दराने 1,500 आणि प्राइम कॉस्टवर 4,800. पहिल्या जॉबमध्ये जो दर सर्वांत हलका होता, तोच इथे सर्वांत जड झाला.

आता प्राइम कॉस्टच्या दराकडे वळू, कारण त्याची खोड लवकर दिसते. पहिला जॉब पुन्हा घ्या, पण माल गिऱ्हाईकच पाठवणार आहे असं धरा. आपला मालाचा खर्च शून्य. प्राइम कॉस्ट उरली 4,000, त्यावर 30 टक्के म्हणजे 1,200 रुपये. यंत्रं मात्र तेवढेच 60 तास चालली, वीज तेवढीच लागली, घसारा तेवढाच. ओव्हरहेड 6,600 वरून 1,200 वर आला तो कारखान्यात काही बदललं म्हणून नव्हे, तर मालाचं बिल कोणाच्या नावावर फाडलं म्हणून. उलट बाजूने मालाचा भाव दुप्पट झाला, तर तोच जॉब 36,000 माल आणि 4,000 मजुरीवर 12,000 रुपये ओव्हरहेड ओढतो. हा दर वापरायचाच असेल, तर सगळ्या जॉबमध्ये मालाचं आणि मजुरीचं प्रमाण जवळपास सारखं हवं आणि भाव स्थिर हवेत. या दोन अटी एकत्र पाळणारे कारखाने फार थोडे.

मजूर-तास दर मालाच्या भावाने हलत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण एक माणूस दोन यंत्रं सांभाळतो हे त्याला दिसतच नाही. त्याच्या लेखी 30 तास ते 30 तास, मग मागे एक यंत्र चालो वा चार. यंत्र-तास दराला ते दिसतं, पण 10 तासांचं हाताचं काम तो फुकट धरतो.

मग खरं कोण? त्यासाठी 24 लाख कशाचे आहेत ते उघडून पाहावं लागतं. समजा घसारा, वीज, यंत्रांची दुरुस्ती, कूलंट यांचे 14 लाख 40 हजार. देखरेख, हजेरी, कामगारांच्या सोयी यांचे 7 लाख 20 हजार. स्टोअर आणि मालाची हाताळणी 2 लाख 40 हजार. आता प्रत्येक गटाला त्याचा दर द्या: यंत्र-तासाला 90, मजूर-तासाला 36, मालावर 4 टक्के. पहिल्या जॉबवर 60 तासांचे 5,400, 40 तासांचे 1,440 आणि मालाचे 720, एकूण 7,560. जुळणीच्या जॉबवर 900, 2,160 आणि 400, एकूण 3,460. एकाच दरावर चालायचं ठरवलं, तर या कारखान्यात पहिल्या जॉबला यंत्र-तास दर 1,440 ने जास्त जातो आणि मजूर-तास दर 2,760 ने कमी पडतो. गिऱ्हाइकाचा माल असेल तेव्हा 4 टक्के शून्यावर लागतात, पण तो माल उतरवणं आणि रचणं होतंच. तिथे मालाची अंदाजी किंमत धरून हाताळणी लावावी.

हा फरक कोटेशनमध्ये भोवतो. मजूर-तास दराच्या 26,800 वर 10 टक्के नफा धरून भाव दिला तर 29,480. गटवार दरांनी खर्च येतो 29,560. नफा समजून 80 रुपयांचा तोटा. असा कारखाना यंत्रांची कामं भराभर मिळवतो आणि जुळणीची हरतो. कोणती कोटेशन्स सतत लागतात आणि कोणती सतत परत येतात, याची यादी काढली की दराचा कल कळतो. मात्र बराचसा ओव्हरहेड स्थिर असतो. रिकाम्या यंत्रावर एखादं काम घ्यावं की नाही, हे या दरावरून ठरवू नये.

शेवटी एक चूक, जी यंत्र-तास दरात हमखास होते. बजेटमधले 16,000 तास फक्त प्रत्यक्ष चालीचे असतात आणि सेटिंगचे 2,000 तास बाजूला राहतात. जॉब कार्डावर मात्र 60 तास चाल आणि 8 तास सेटिंग असे 68 लिहिले जातात. 68 गुणिले 150 म्हणजे 10,200. दोन्हीकडे सेटिंग धरलं असतं तर दर 133.33 झाला असता आणि ओव्हरहेड सुमारे 9,067. वर्षभर हेच चाललं तर 2,000 तासांवर 150 प्रमाणे 3 लाखांची जादा वसुली होते. ओळख सोपी आहे: खर्च बजेटइतका, यंत्रंही बजेटइतकीच चालली, तरी ओव्हरहेड खात्यावर जमेची बाकी उरते. अशी बाकी दिसली की जॉब कार्डावरचा तास आणि बजेटमधला तास एकच आहे का, ते आधी पाहा.