पडून राहिलेल्या मालावर किती सोडायचं?

मघाशी बाहेर उभा होतो तर एकांनी विचारलं, माल पडून आहे, किती सोडू, तीस टक्के की पन्नास? मी म्हटलं आत या, गणितच मांडू, कारण टक्का आधी ठरवायचा आणि मग त्याला कारणं चिकटवत बसायचं ही सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, मलाही होती.

एक लॉट धरा. ३०० बॅगा, खरेदी ५५ ला, विक्री १०० ला, सीझन १६ आठवड्यांचा. ८ आठवडे झालेत, १२० गेल्या, १८० उरल्यात, आणि आता आठवड्याला जेमतेम ८ जातायत. सीझन संपल्यावर जे उरेल ते लॉटमध्ये उचलणारा माणूस २० च्या भावाने नेणार.

आता पहिलं काम, तो ५५ चा आकडा डोक्यातून काढा. मला माहितीय हे ऐकायला नको वाटतं, पण ते पैसे गेलेत, बॅग विकली तरी गेलेत आणि नाही विकली तरी गेलेत. आज तुमचा खालचा भाव २० आहे, ५५ नाही. "खरेदीच्या खाली देणार नाही" म्हणणारा माणूस बरेचदा ४५ ला जाणारी बॅग अडवून धरतो आणि शेवटी तीच २० ला देतो.

काहीच सोडलं नाही तर उरलेल्या ८ आठवड्यांत ६४ जातील, त्याचे ६४००, राहिलेल्या ११६ चे २० ने २३२०, एकूण ८७२०. २० टक्के सोडले आणि समजा खप आठवड्याला १४ वर गेला, तर ११२ बॅगा ८० ने, म्हणजे ८९६०, वर ६८ चे १३६०, एकूण १०३२०. एकदम ४० टक्के सोडले आणि खप २० वर गेला तर १६० बॅगा ६० ने ९६००, उरलेल्या २० चे ४००, झाले १००००. खप किती वाढेल हे मी इथे धरून चाललोय, तुमचा आकडा तुमच्या वहीतून काढा, किंवा सरळ दोन आठवडे थोड्या मालावर करून बघा.

इथवर बघितलं तर वीस आणि चाळीस यात फार फरक नाही, ३२० चा. मग लोक म्हणतात, जाऊ दे ना, चाळीस सोडून मोकळं होऊ, जागा तरी रिकामी होईल. आणि नेमकं इथेच फसतं, कारण अर्धाच हिशोब झालाय. पुढच्या सीझनला असाच लॉट येणार आणि त्या पहिल्या ८ आठवड्यांत १०० ला घेणारी जी १२० माणसं आहेत त्यांनी या वर्षीचा सेल बघितलाय. त्यातला जो थांबेल तो पुढच्या वेळी १०० ऐवजी ६० देणार, म्हणजे माणशी ४० गेले. न सोडण्यापेक्षा चाळीस टक्क्यांत तुम्हाला जास्तीचे मिळाले किती, १२८०. भागा ४० ने, ३२ येतात. म्हणजे १२० पैकी ३२ जण थांबायला शिकले की सगळी कमाई साफ. तेच वीस टक्क्यांचं करा, जास्तीचे १६००, थांबणाऱ्यामागे नुकसान २०, भागाकार ८०. १२० मधले ८० थांबले तर कुठे तो सेल अंगाशी येतो, आणि वीस टक्क्यांसाठी एवढे लोक दोन महिने थांबत नाहीत हो. तर "किती सोडू" याच्याऐवजी हे विचारा की किती जण थांबले तर माझा फायदा संपतो, आणि तेवढे थांबतील असं मला वाटतं का.

थांबायचं की नाही हे गिऱ्हाईक कसं ठरवतं? त्याला बॅग १२० च्या मोलाची वाटते असं धरा. आज घेतली तर २० चा फायदा. ६० ला मिळाली तर ६० चा, तिप्पट, पण मिळाली तर! तोपर्यंत शिल्लक असण्याची शक्यता तीनात एक असेल तर दोन्ही सारखंच, त्याहून कमी असेल तर शहाणा माणूस आजच घेतो. म्हणून खोल डिस्काउंट धोक्याचा होतो तो मुख्यतः माल भरपूर उरलेला असताना, हवा तो रंग, हवा तो साईझ मिळणार याची खात्री असताना. साईझ तुटलेल्या मालावर, दोनचार नग राहिलेत अशावर, तुम्ही साठ टक्के सोडा, कोणी त्याच्या भरवशावर थांबू शकत नाही. फक्त सेल चालू असताना संपलेला साईझ परत भरू नका, खूप जण भरतात, गर्दी बघून मोह होतो.

बॉस्टनमध्ये फाइलीन्स म्हणून दुकान होतं, त्यांच्या तळघरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पद्धत होती की १२ दिवसांनी २५ टक्के कमी, १८ दिवसांनी ५०, २४ दिवसांनी ७५, आणि ३० दिवसांनी माल दान. तारखा सगळ्यांना माहीत, लपवाछपवी नाही, तरी लोक आधीच घ्यायचे, कारण नग मोजके आणि शेजारचा उचलून नेईल ही भीती. तारीख माहीत असणं एवढंच वाईट नसतं, तारीख माहीत आणि माल भरपूर, हे जोडीने आलं की लोक थांबतात.

माझं स्वतःचं सांगतो. मी सलग तीन वर्षं त्याच आठवड्यात सेल लावला आणि वर चालणारा मालही त्यात ढकलला, बोर्ड मोठा दिसावा म्हणून. सेलला गर्दी व्हायची, मी खूष. मग एकदा आठवडेवार विक्री मांडली तर सेलच्या आधीचे चार आठवडे दरवर्षी आणखी पातळ होत गेलेले, आणि वर्षाची एकूण विक्री जिथल्या तिथे. गर्दी नवीन नव्हतीच, माझीच माणसं महिनाभर उशिरा येत होती, स्वस्तात. त्यामुळे सेलच्या आठवड्याचा गल्ला बघू नका, नवीन लॉटच्या पहिल्या चार आठवड्यांत पूर्ण किमतीत किती टक्के माल गेला ते मागच्या लॉटशी ताडून बघा, तो आकडा घसरतोय म्हणजे लोक शिकतायत. काउंटरवर "सेल कधी आहे" हा प्रश्न वाढणं हे तर उघडच आहे.

आणि एकदा शिकले की एका झटक्यात सवय मोडायला जाऊ नका. अमेरिकेत जेसीपेनी या मोठ्या दुकान साखळीने २०१२ मध्ये बहुतेक सेल आणि कूपनं बंद करून रोजच कमी भाव ठेवला, त्या वर्षात विक्री जवळजवळ पाव कमी झाली आणि २०१३ मध्ये हे करणारा कंपनीचा प्रमुखही गेला. आधी सेलमधून चालणारा माल बाहेर काढा, मग टक्का उतरवा, मग दिवस कमी करा, असं दोनतीन सीझन लागतात.

मागून प्रश्न आलाय, १०० ला घेऊन गेलेला माणूस तीन दिवसांनी ८० चा बोर्ड बघून भांडायला आला तर? फरक परत द्या, वाद घालू नका. बिलापासून १४ दिवसांत भाव उतरला तर फरक मिळेल असं आधीच लिहून लावा, म्हणजे जवळ आलेल्या सेलसाठी थांबायचं कारणच जातं. घाबरू नका, आपल्या लॉटमध्ये दोन आठवड्यांत गेल्या १६ बॅगा, सगळेच्या सगळे आले तरी ३२०, आणि सगळे येत नाहीत.