‘भरा’ म्हणजे नेमकं काय केलं?

(टेस्टिंगच्या इंटर्नसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पडद्यावर एक बग रिपोर्ट दिसतोय, तो आधी वाचून घ्या. शीर्षक आहे ‘जन्मतारीख चुकीची सेव्ह होते’. खाली स्टेप्स आहेत: लॉगिन करा, प्रोफाइल उघडा, जन्मतारीख भरा, सेव्ह करा. अपेक्षित निकाल: तारीख बरोबर दिसली पाहिजे. प्रत्यक्ष निकाल: तारीख चुकीची दिसते. सोबत एक स्क्रीनशॉट, त्यात फक्त तारखेचा चौकोन कापून घेतलेला.

डेव्हलपरने या स्टेप्स तंतोतंत केल्या. तारीख बरोबर सेव्ह झाली. त्याने ‘रिप्रोड्यूस होत नाही’ असं लिहून बग बंद केला. टेस्टरने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा चूक आली, त्याने बग पुन्हा उघडला. असं दोन-तीनदा झालं की लोक एकमेकांवर चिडायला लागतात. आणि गंमत अशी की इथे दोघंही खरं बोलताहेत.

गोची तिसऱ्या स्टेपमध्ये आहे. ‘भरा’ म्हणजे काय केलं? या फॉर्ममध्ये तारीख दोन प्रकारे देता येते: चौकटीत टाइप करून किंवा शेजारच्या चिन्हावर क्लिक करून उघडणाऱ्या कॅलेंडरमधून. टेस्टरने कॅलेंडर वापरलं. डेव्हलपरचा हात कीबोर्डवर असतो, त्याने टाइप केली. स्टेप्समधल्या ‘भरा’, ‘द्या’, ‘अपडेट करा’ अशा क्रियापदांकडे नेहमी संशयाने बघा. त्याऐवजी हाताने जे केलं ते लिहा: क्लिक केलं, टाइप केलं, पेस्ट केलं, एंटर दाबलं.

आता हाच बग नीट शोधून काढू. रिपोर्ट लिहिण्याआधी तोच प्रकार पुन्हा करायचा, पण दर वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तारीख बदलून पाहा. वेगळ्या महिन्यातली, वेगळ्या वर्षातली घ्या. दर वेळी एकच दिवस मागे जातेय? मग तारखेचा दोष नाही. दुसरा ब्राउझर घ्या. तरीही तेच? मग ब्राउझरचाही नाही. आता तीच तारीख कॅलेंडरऐवजी टाइप करा. बरोबर सेव्ह झाली! सुगावा लागला.

इथे थांबलात तरी रिपोर्ट उत्तम होईल. पण आणखी एक पाऊल टाकता येतं. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबवर जा, मग सेव्ह दाबा. यादीत जी रिक्वेस्ट दिसेल तिच्या पेलोडमध्ये सर्व्हरकडे काय गेलं ते वाचता येतं. कॅलेंडरमधून १२ एप्रिल १९९८ निवडल्यावर इथे हे गेलं:

```
"dob": "1998-04-11T18:30:00.000Z"
```

आणि टाइप केल्यावर हे:

```
"dob": "1998-04-12T00:00:00.000Z"
```

शेवटचा Z म्हणजे ही वेळ यूटीसीमधली, म्हणजे जगभर संदर्भासाठी धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेतली आहे. टेस्टरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे लावलेलं आहे. कॅलेंडरने १२ तारखेची स्थानिक मध्यरात्र धरली, ती यूटीसीत ११ तारखेच्या संध्याकाळची साडेसहाची वेळ झाली, सर्व्हरने वेळ टाकून देऊन फक्त तारीख ठेवली आणि एक दिवस गळाला. यातून लक्षात घ्या, ज्याचं घड्याळ यूटीसीच्या मागे आहे त्याला कॅलेंडर वापरूनही हा बग दिसणार नाही. म्हणून ‘एन्व्हायर्नमेंट’ या रकान्यात ब्राउझरचं व्हर्जन आणि बिल्ड नंबर तर लिहाच, पण मामला तारखेचा किंवा वेळेचा असेल तर टाइमझोनही लिहा. एरवी त्याची गरज नसते. रकाने भरायचे म्हणून कॉम्प्युटरची सगळी कुंडली मांडण्यात अर्थ नाही.

आता रिपोर्ट पुन्हा लिहू. शीर्षक: ‘प्रोफाइल: कॅलेंडरमधून निवडलेली जन्मतारीख सेव्ह केल्यावर एक दिवस आधीची होते’. कुठे, काय केल्यावर, काय होतं, एवढं त्यात आलं. स्टेप्स अशा:

१. जन्मतारीख रिकामी असलेल्या टेस्ट अकाउंटने लॉगिन करा.
२. प्रोफाइलचं पान उघडून ‘एडिट’वर क्लिक करा.
३. जन्मतारखेच्या शेजारच्या कॅलेंडरच्या चिन्हावर क्लिक करा आणि १२ एप्रिल १९९८ निवडा. (टाइप करू नका.)
४. ‘सेव्ह’वर क्लिक करा.
५. पान रिफ्रेश करा.

पाचवी स्टेप अनेकांकडून सुटते. सेव्ह केल्याकेल्या पानावर १२च दिसते, कारण पान अजून स्वतःच्या आठवणीतली तारीख दाखवत असतं. सर्व्हरवरची तारीख रिफ्रेश केल्यावरच येते. आपण सवयीने रिफ्रेश करतो आणि ते लिहायचं राहून जातं. म्हणून लिहून झाल्यावर आपल्याच स्टेप्स परक्या माणसासारख्या वाचा आणि लिहिलंय तेवढंच करा. बग दिसला नाही तर काहीतरी सुटलंय.

अपेक्षित निकाल: ‘रिफ्रेशनंतर जन्मतारीख १२ एप्रिल १९९८ दिसावी.’ प्रत्यक्ष निकाल: ‘११ एप्रिल १९९८ दिसते. दर वेळी होतं. तीच तारीख टाइप केल्यास बरोबर सेव्ह होते.’ ‘बरोबर दिसावी’ हे अपेक्षित निकालात चालत नाही, कारण बरोबर काय हेच तर सांगायचं असतं. इथे ते उघड आहे. पण समजा सवलतीची रक्कम किती यावी असा प्रश्न असेल, तर ती अपेक्षा कुठून आली तेही लिहा: रिक्वायरमेंटमधला कलम क्रमांक किंवा डिझाइनचं पान. नाहीतर ती अपेक्षा फक्त तुमची ठरते.

टाइमझोनचा अंदाज कुठे लिहायचा? सर्वांत खाली, ‘निरीक्षण’ म्हणून, दोन्ही पेलोडसकट. शीर्षकात नको. अंदाज चुकला तर डेव्हलपर भलतीकडेच शोधत बसतो.

स्क्रीनशॉट या बगला तीन लागतात. सेव्ह करण्याआधीचा फॉर्म, ज्यात १२ तारीख दिसतेय. रिफ्रेशनंतरचं प्रोफाइल, ज्यात ११ दिसतेय. आणि पेलोड. पहिला नसेल तर तुम्हीच ११ निवडली नाही कशावरून? चित्र ब्राउझरच्या पूर्ण खिडकीचं घ्या, वरचा पत्ता दिसू द्या, आणि नेमक्या जागेभोवती लाल चौकट काढा. चित्रात खऱ्या ग्राहकाचं नाव किंवा फोन नंबर आला असेल तर तो झाका. पेलोड आणि एरर मेसेज मात्र चित्रासोबत मजकूर म्हणूनही पेस्ट करा. चित्रातला मजकूर कॉपी करून लॉगमध्ये शोधता येत नाही. आणि कृपा करून चित्रं वर्डच्या फाइलमध्ये घालून ती फाइल जोडू नका. स्क्रीनशॉटमध्ये क्लिक दिसत नाही, ही त्याची मर्यादा. बग क्लिकच्या क्रमावर किंवा वेगावर अवलंबून असेल तर छोटं रेकॉर्डिंग जोडा, पण त्याच्या भरवशावर स्टेप्स गाळू नका.

फिक्स आल्यावर याच स्टेप्स पुन्हा करा, कॅलेंडरने आणि टाइप करूनही, कारण एक दुरुस्त करताना दुसरं बिघडू शकतं. घड्याळ यूटीसीच्या पुढे आणि मागे ठेवून दोन्ही पाहा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सेन्सर्स नावाचा पॅनेल आहे, तिथून टाइमझोन बदलता येतो. आणि फिक्सच्या आधी सेव्ह झालेलं एखादं अकाउंट उघडून पाहा. तिथे तारीख ११च असेल, कारण कोड दुरुस्त झाला तरी डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत. त्यासाठी हा बग पुन्हा उघडू नका. वेगळा रिपोर्ट लिहा आणि त्यात याचा नंबर द्या.